पतीच्या निधनानंतर लाईटचं मीटर आपल्या नावावर: सोलापुरातून लिहायचा अर्ज

मीटर एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करायचं म्हटलं की दोन सह्या लागतात. ज्याच्या नावावर मीटर आहे त्याची संमतीची, आणि ज्याला ते हवं आहे त्याची अर्जाची. घर विकलं असेल, भावाभावांत वाटणी झाली असेल, तर दोन्ही सह्या मिळतात. नवरा गेल्यावर पहिली सही मिळणं शक्यच नसतं. विजेच्या कार्यालयात बाईचं काम अडतं ते याच जागी. म्हणून तिचं पत्र म्हणजे त्या न मिळणाऱ्या सहीची जागा भरणारा कागद आहे, असं समजून लिहायला बसायचं.

मी पूर्व भागात राहते आणि आसपासच्या बायकांचे असे अर्ज लिहून देते. बऱ्याचजणी घरून लिहून आणतात. त्यात नवऱ्याचा आजार, दवाखान्याचा खर्च, मुलांची शिक्षणं, सगळं असतं. ग्राहक क्रमांक मात्र नसतो. ते दुःख खरं असतं, पण टेबलावरच्या माणसाला त्या कागदावर काही करता येत नाही. त्याला चार गोष्टी दिसायला हव्यात: ग्राहक वारले आहेत, अर्जदार त्यांची पत्नी आहे, ती त्याच जागेत राहते, आणि बाकीच्या वारसांची हरकत नाही. पत्रातलं प्रत्येक वाक्य आणि सोबतचा प्रत्येक कागद या चारपैकी एका गोष्टीसाठी असावा.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींचं काम गेल्या वर्षी केलं. तेच धरून सांगते. त्या विड्या वळतात, नवरा यंत्रमागावर कामाला होता. 22 जानेवारी 2025 ला ते दवाखान्यात वारले. मागे वहिनी, बावीस वर्षांचा मुलगा, लग्न झालेली मुलगी, सोळा वर्षांची धाकटी आणि दिराकडे राहणाऱ्या सासूबाई. घर नवऱ्याच्या नावावर, लाईट बिलही त्यांच्याच. आजारपणात तीन बिलं थकलेली.

कोर्टाकडे धावण्याआधी

वहिनींना कुणीतरी सांगितलं होतं की आधी कोर्टातून वारस दाखला आणा, मग मीटर नावावर होईल. वकिलाची फी ऐकून त्यांनी विषयच सोडून दिला होता. हा गैरसमज फार जुना आहे आणि त्यापायी कित्येक घरांत दहा-दहा वर्षं गेलेल्या माणसाच्या नावाने बिल येत राहतं.

ग्राहकाच्या मृत्यूनंतर जोडणी दुसऱ्याच्या नावे करता येते, ही तरतूद महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या वीजपुरवठा संहितेतच आहे. पूर्वी ती 2005 च्या संहितेत होती, आता 2021 च्या विनियमांत आहे. जुन्या ग्राहकाचं संमतिपत्र नसेल तर पर्यायी कागदांपैकी कोणताही एक चालतो, अशी त्या नियमाची रचना आहे. जागेच्या मालकीचा पुरावा, वाटणीपत्र, नोंदणीकृत दस्त, वारस प्रमाणपत्र हे त्यातले पर्याय. म्हणजे कोर्टाचा दाखला हा अनेकांतला एक आहे. तो बँकेतल्या मोठ्या ठेवींसाठी किंवा भावकीत वाद असेल तेव्हा लागतो. घरात भांडण नसेल तर एका घरगुती मीटरसाठी कोर्टाची पायरी चढायची गरज नाही.

वहिनींची अडचण अशी होती की घराच्या उताऱ्यावरही अजून नवऱ्याचंच नाव होतं. अशा वेळी तोच उतारा, मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांचं ना हरकत पत्र हे सगळं एकत्र जोडायचं. एकटा उतारा अपुरा पडतो, पण चारही कागद मिळून पूर्ण चित्र उभं राहतं. उताऱ्यावर वारसनोंद व्हायला महिने लागतात, तोवर मीटरचा अर्ज थांबवून ठेवू नये.

कागद गोळा करताना

मृत्यूचा दाखला जिथे मृत्यू झाला तिथल्या नोंदणी कार्यालयातून मिळतो. माणूस सोलापूरचा, पण पुण्याच्या दवाखान्यात गेला असेल तर सोलापूर महापालिकेत हेलपाटे घालून उपयोग नाही, दाखला पुण्याहूनच येणार. नोंद एकवीस दिवसांच्या आत व्हायला हवी. दवाखान्यात मृत्यू झाला तर माहिती दवाखानाच कळवतो. घरी झाला असेल तर घरच्यांनी कळवायची. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच घ्याव्यात, कारण बँक, विमा, रेशन, पेन्शन सगळीकडे तोच मागतात.

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून नाव वाचायचं. आपल्याकडे तेलुगू आणि कन्नड नावं मराठीत लिहिताना हमखास गडबड होते. वहिनींच्या बाबतीत बिलावर ‘व्यंकटेश’ होतं आणि दाखल्यावर ‘वेंकटेश’. वडिलांचं नाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. एका अक्षराच्या फरकासाठी दाखला दुरुस्त करून आणायला गेलं तर महिना जातो. त्यापेक्षा पत्रातच एक वाक्य घालायचं की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, आणि त्या माणसाचं आधार कार्ड जोडायचं. फरक आडनावाचा किंवा पूर्ण नावाचाच असेल तर मात्र दाखला दुरुस्तच करून घ्यावा, तिथे वाक्याने भागत नाही.

नात्याच्या पुराव्यासाठी लग्नाचा दाखला उत्तम. पण आपल्या पिढीत किती जणींकडे तो असतो? रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नवऱ्याचं नाव आणि खाली ‘पत्नी’ म्हणून आपलं, एवढं पुरतं. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. नवरा गेल्यावर रेशन दुकानदार सांगतो की कार्डावरून नाव कमी करून आणा. नाव कमी झालं की नव्या कार्डावर आपणच कुटुंबप्रमुख होतो आणि नातं दाखवणारी ती ओळ नाहीशी होते. म्हणून रेशन ऑफिसला जाण्याआधी जुन्या कार्डाच्या सगळ्या पानांच्या तीन झेरॉक्स काढून ठेवा. वहिनी सुदैवाने अजून गेल्या नव्हत्या.

जागेसाठी महापालिकेच्या हद्दीत सिटी सर्व्हेचा उतारा, म्हणजे मालमत्ता पत्रक, आणि मिळकत कराची चालू पावती. कुंभारीच्या विडी घरकुलासारख्या ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या घरांना नमुना 8 चा उतारा. घर भाड्याचं असेल आणि मीटर नवऱ्याने घेतलेलं असेल, तर घरमालकाचं ना हरकत पत्र लागतं.

आणि सगळ्यात शेवटचं लाईट बिल. ते फक्त जोडण्यासाठी नाही, ते समोर ठेवूनच पत्र लिहायचं. बारा आकडी ग्राहक क्रमांक, चार आकडी बिलिंग युनिट, मीटर क्रमांक, उपविभागाचं नाव आणि जमा असलेली सुरक्षा ठेव, हे सगळं त्यावर छापलेलं असतं. पत्र कुणाच्या नावे लिहायचं हेही त्यावरूनच कळतं. आपण अजून ‘एमएसईबी’ म्हणतो, पण 2005 पासून घरोघरी वीज देणारी कंपनी महावितरण आहे, आणि सोलापुरातही एक कार्यालय नाही. आपल्या भागाचा जो उपविभाग बिलावर असेल तिथेच अर्ज द्यायचा. घराजवळ दिसलं म्हणून दुसऱ्याच ऑफिसात दिला तर तो तिथे पडून राहतो.

सासूबाईंची सही

ना हरकत पत्र म्हटलं की लोक मुलांच्या सह्या घेतात आणि मोकळे होतात. हिंदू वारसा कायद्याने पुरुषाच्या पहिल्या वर्गातल्या वारसांत पत्नी, मुलगे आणि मुली यांच्याबरोबर त्याची आईही येते. मुलगी लग्न होऊन गेली तरी वारस आहेच. मुस्लिम कुटुंबात मृताचे आई आणि वडील दोघेही वारस ठरतात. म्हणजे सासूबाई हयात असतील तर त्यांची संमती आवश्यक धरा, मग त्या आपल्याकडे राहत असोत वा नसोत. कार्यालयात कुणी विचारलं नाही तरी हरकत घ्यायला उद्या दीर आले, तर हाच कागद कामाला येतो.

वहिनींच्या सासूबाई सही करायला तयार नव्हत्या. मी वहिनींबरोबर दिराच्या घरी गेले तेव्हा त्यांनी सरळच विचारलं, “अंगठा दिला म्हंजे घर हिच्या एकटीच्या नावावर जाणार ना?”

त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही, कारण असे फसवून घेतलेले अंगठे त्यांनी आयुष्यात पाहिले असणार. मी त्यांना समजावलं की लाईट बिल हा मालकीचा कागद नाही. वीज कायद्याने पुरवठा मागण्याचा हक्क मालकाला आहे तसाच नुसत्या राहणाऱ्यालाही आहे, म्हणून भाडेकरूच्या नावावरही मीटर असतं. बिलावर नाव आलं म्हणून घरातला कुणाचा वाटा वाढत नाही की कमी होत नाही. तरीही त्यांचं समाधान होईना. मग मी ना हरकत पत्रातच एक ओळ वाढवली: “ही संमती केवळ वीजजोडणीवरील नाव बदलण्यापुरती असून त्यामुळे सदर घरातील माझ्या वारसाहक्कास बाधा येत नाही.” नातवाने ती मोठ्याने वाचून दाखवली आणि त्यांनी अंगठा दिला. तेव्हापासून ही ओळ मी प्रत्येक ना हरकत पत्रात घालते. खरं तर ती पहिल्यापासूनच असायला हवी होती.

अंगठा घेताना डाव्या हाताचा घ्यावा, शेजारी पूर्ण नाव लिहावं आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. साक्षीदार वारसांपैकी नसावेत. सही करणाऱ्या प्रत्येकाचं आधार जोडायचं. अज्ञान मुलांची सही घेऊ नये. त्यांचं नाव आणि वय लिहून, आपण आई म्हणून त्यांच्या वतीने सही करत आहोत असं नमूद करायचं.

काही ठिकाणी स्टॅम्प पेपरवर हमीपत्र मागतात: पुढे वाद झाल्यास जबाबदारी माझी, अशा अर्थाचं. मागितलं तर द्यायचं, त्यात गैर काही नाही. फक्त स्टॅम्प आधीच घेऊन ठेवू नका. पूर्वी 100 किंवा 200 रुपयांच्या स्टॅम्पवर होणाऱ्या अशा कागदांना ऑक्टोबर 2024 पासून 500 रुपयांचा लागतो. अर्ज घेऊन जाऊन, नेमकं काय हवं ते विचारून मगच घ्या.

थकबाकी आणि ठेव

पत्र लिहायच्या आधी पैशाचा हिशेब लावून घ्यावा. थकबाकी असताना नाव बदलत नाहीत. शिवाय वारसाच्या बाबतीत एक नियम कडक आहे. दुसऱ्याचं घर विकत घेणाऱ्या तिऱ्हाइताकडून जुनी थकबाकी जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच वसूल करता येते. वारसाला ही सवलत नाही. नवऱ्याच्या नावावर जेवढं थकलं असेल तेवढं सगळं भरावं लागतं. “ते गेले, आता जुनं बिल कशाला” असं म्हणून चालत नाही.

वहिनींची तीन बिलं होती 870, 910 आणि 940 रुपयांची. बेरीज 2,720, वर थोडा विलंब आकार आणि व्याज. त्यांनी ते मुलाच्या पगारातून भरलं आणि पावती जोडली. एवढं एकदम जमत नसेल तर हप्त्यांसाठी वेगळा अर्ज द्यावा, नावाच्या अर्जात हप्त्यांची विनंती मिसळू नये. काही झालं तरी चालू बिल बुडवू नका. पंधरा दिवसांची नोटीस देऊन वीज तोडण्याचा अधिकार कंपनीला आहे, आणि जोडणी कायमची बंद झाली की विषय नाव बदलण्याचा राहत नाही, नव्या जोडणीचा होतो.

सुरक्षा ठेवीचं बहुतेकींना माहीतच नसतं. वहिनींच्या बिलावर ठेव 600 रुपये दिसत होती, खूप वर्षांपूर्वी भरलेली. 2021 च्या विनियमांपासून ठेव सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट धरतात. त्यांचं सरासरी बिल 900, म्हणजे ठेव 1,800 हवी. वरच्या 1,200 रुपयांची मागणी येऊ शकते हे मी त्यांना आधीच सांगितलं, म्हणजे कागद हातात पडल्यावर घाबरायला नको. हा दंड नाही. हे पैसे आपल्या नावावर जमा राहतात आणि त्यावर दर वर्षी व्याज बिलातून वळतं होतं. महत्त्वाचं हे की नवऱ्याचे जुने 600 आपल्या खात्यात वर्ग व्हायला हवेत. ते आपोआप होतील असं गृहीत न धरता पत्रातच मागायचं.

पत्र

पत्र एका पानात बसवा. ‘मी एक दुर्दैवी विधवा’ असं लिहायची गरज नाही. आपण दया मागत नाही, नियमात असलेली नोंद मागतो आहोत. नात्याच्या जागी ‘पत्नी’ एवढा शब्द पुरतो. वहिनींचं पत्र असं होतं, फक्त नावं आणि क्रमांक काढून देते आहे.

दिनांक: 12 मार्च 2025

प्रति,
मा. उपकार्यकारी अभियंता,
महावितरण, ............ उपविभाग, (बिलावर असेल तेच नाव)
सोलापूर.

विषय: पतीच्या निधनामुळे घरगुती वीजजोडणी पत्नीच्या नावे करण्याबाबत.

संदर्भ: ग्राहक क्रमांक ............ बिलिंग युनिट ...... मीटर क्रमांक ............

महोदय,

वरील क्रमांकाची घरगुती वीजजोडणी माझे पती श्री. ............ यांच्या नावे आहे. त्यांचे दिनांक 22 जानेवारी 2025 रोजी सोलापूर येथे निधन झाले. मृत्यूच्या दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे. वीजबिलावर त्यांचे नाव ‘व्यंकटेश’ व दाखल्यावर ‘वेंकटेश’ असे नमूद आहे. ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत.

मी त्यांची पत्नी असून वीजजोडणी असलेल्या घर क्रमांक ............ येथेच राहते व विजेचा वापर करते. घर माझ्या पतीच्या नावे असून वारसनोंद होणे बाकी आहे.

जुन्या ग्राहकाच्या मृत्यूमुळे त्यांचे संमतिपत्र देणे शक्य नाही. त्याऐवजी त्यांच्या इतर वारसांचे, म्हणजे आई, मुलगा व विवाहित मुलगी यांचे ना हरकत पत्र जोडले आहे. धाकटी मुलगी सोळा वर्षांची असून तिच्या वतीने मी आई म्हणून सही केली आहे. याव्यतिरिक्त अन्य वारस नाहीत.

या जोडणीची सर्व थकबाकी मी भरली असून पावती जोडली आहे. तरी कृपया,

1. सदर वीजजोडणी माझ्या नावे करावी,
2. पतीच्या नावे जमा असलेली सुरक्षा ठेव माझ्या नावे वर्ग करावी,
3. माझा मोबाईल क्रमांक ............ या जोडणीला नोंदवावा.

वरील माहिती खरी आहे. नियमानुसार होणारे शुल्क भरण्यास मी तयार आहे.

आपली विश्वासू,
(सही)
पूर्ण नाव, पत्ता, मोबाईल

सोबत: मृत्यूचा दाखला, अर्जदाराचे व पतीचे आधार, शिधापत्रिका, मालमत्ता पत्रक व मिळकत कर पावती, वारसांचे ना हरकत पत्र व त्यांचे आधार, शेवटचे वीजबिल व भरणा पावती.

यातला तिसरा परिच्छेद हा पत्राचा कणा आहे. संमतीची सही का नाही आणि तिच्या जागी काय आहे, हे तिथे सरळ सांगितलेलं आहे. ‘अन्य वारस नाहीत’ हे वाक्य मात्र विचार करूनच लिहा, कारण त्याखाली आपली सही असते. हिंदू कुटुंबात एखादा मुलगा आधीच वारला असेल आणि त्याची बायको-मुलं असतील तर तीही वारस आहेत.

आपलं नाव पत्रात लिहिताना आधार कार्डावर जसं आहे तसंच लिहा, अक्षर न अक्षर. आधारवर अजून माहेरचं नाव असेल तर त्याच नावाने बिल येईल. सासरचं नाव हवं असेल तर आधी आधार बदला.

घरात माग असेल तर आणखी एक गोष्ट. यंत्रमागाचं मीटर घरगुती मीटरपेक्षा वेगळं असतं, त्याचा ग्राहक क्रमांक वेगळा आणि दरही वेगळा. दोन मीटरसाठी दोन स्वतंत्र अर्ज आणि कागदांचे दोन संच करा. एकाच पत्रात दोन्ही क्रमांक लिहिले की एकाचं काम होतं आणि दुसरं राहून जातं.

अर्ज देताना

पत्राबरोबर महावितरणचा छापील अर्जही भरावा लागतो. तो उपविभागात मिळतो. हाच अर्ज संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून ऑनलाईनही करता येतो, तिथे हेच पत्र आणि कागद स्कॅन करून जोडायचे. ऑनलाईनची अडचण एकच. जोडणीला नवऱ्याचा मोबाईल नोंदवलेला असतो आणि सगळे संदेश त्यावर जातात. म्हणून त्यांचं सिम लगेच बंद करू नका, निदान हे काम आणि बँकेची कामं होईपर्यंत चालू ठेवा. आपला नंबर नोंदवायचा असेल तर आपल्या मोबाईलवरून 9930399303 या क्रमांकावर पुढचा संदेश पाठवायचा, मधे एक जागा सोडून:

```
MREG <बारा आकडी ग्राहक क्रमांक>
```

बिल त्यांच्या बँक खात्यातून आपोआप कापलं जात असेल तर तेही आत्ताच बघा. खातं गोठवलं की पुढचं बिल न कळत थकतं.

कार्यालयात जायचं तर पत्राच्या दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. ही पोच न घेता परत येऊ नका. मूळ दाखले फक्त दाखवायला न्यायचे, द्यायच्या त्या स्वतःची सही केलेल्या झेरॉक्स. शुल्क भरलं की त्याची पावती त्याच पोचेला टाचून ठेवा.

कागद कमी आहे म्हणून अर्ज परत केला तर काय कमी आहे ते लिहून मागा. “साहेब, याच कागदावर लिहून द्या, म्हणजे मी एकदाच आणून देते,” असं शांतपणे म्हटलं की बहुतेक वेळा यादी मिळते. तोंडी सांगितलेली यादी पुढच्या खेपेला वाढते, हा माझा अनुभव आहे. वहिनींना लग्नाचा दाखला मागितला गेला होता. जुनं रेशनकार्ड आणि मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, ज्यावर आईचं नाव होतं, दाखवल्यावर तो आग्रह सुटला.

त्यानंतर

अर्ज आणि शुल्क पोचल्यापासून दुसऱ्या बिलापर्यंत नाव बदललेलं दिसायला हवं. वहिनींचा अर्ज मार्चच्या मध्यात गेला, एप्रिलचं बिल जुन्याच नावाने आलं, मेचं त्यांच्या नावाने. मधलं बिल जुन्या नावाचं असलं तरी भरायचंच.

दुसरं बिलही जुन्याच नावाने आलं तर पोच घेऊन उपविभागात विचारा, किंवा 1912 वर किंवा 18002333435 वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. त्यानेही हललं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे लेखी तक्रार करता येते. सोलापूर मंडळ महावितरणच्या बारामती परिमंडळात येतं. तिथे वकील लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि मंचाचा निर्णय पटला नाही तर पुढे विद्युत लोकपाल आहेत. या सगळ्या ठिकाणी पहिला प्रश्न एकच असतो: अर्ज कधी दिला? उत्तर त्या शिक्क्यावर असतं.

नव्या नावाचं बिल आलं की चार ठिकाणी बोट ठेवून वाचा. नावाचं स्पेलिंग, पत्ता, दराचा प्रकार घरगुतीच आहे ना, आणि सुरक्षा ठेवीचा आकडा. ग्राहक क्रमांक जुनाच राहतो, तो बदलत नाही. वहिनींच्या बिलावर नाव बरोबर आलं, पण ठेवीच्या जागी शून्य होतं. नवऱ्याचे 600 रुपये वर्ग करायचे राहून गेले होते. पत्रातला दुसरा मुद्दा आणि जुन्या बिलाची प्रत दाखवून चार ओळींचा दुरुस्तीचा अर्ज दिला आणि त्याचीही पोच घेतली. जूनच्या बिलावर 600 दिसले.